ऑनलाइन घेतलेली वस्तू बिघडली: विकणाऱ्याकडे जायचं की कंपनीकडे?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या ऑगस्टमध्ये कागलचे एक काका मुलीचा लॅपटॉप घेऊन आले. स्क्रीनच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ, झाकण हलवलं की ती थरथरायची. पोरगी इंजिनिअरिंगला, दोन आठवड्यांवर सबमिशन. काका म्हणाले, "भाऊ, एवढं खोलून बघा की, काय होतील ते पैसे देतो."

मी विचारलं, "घेऊन किती महिने झाले?"

"दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. दहा महिने."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. वर्षाची वॉरंटी असलेली वस्तू बाहेरच्या माणसाने खोलली, आतलं सील फाटलं, की कंपनीला नाही म्हणायला आयतं कारण मिळतं. पण काका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आधीच जाऊन आले होते. तिथे सांगितलं होतं की वॉरंटी १४ जूनलाच संपली, पॅनेल बदलायचं तर साडेआठ हजार. ज्या साइटवरून घेतला तिथे फोन केला, तर उत्तर आलं की परत करायची मुदत संपली, आता कंपनीशी बोला. काका दोन्हीकडून परत फिरले होते.

असे लोक माझ्याकडे दर आठवड्याला येतात. म्हणून हा लेख पहिल्यांदाच अशा फेऱ्यात सापडलेल्या माणसासाठी लिहितो आहे, आणि काकांचाच मामला शेवटपर्यंत सांगतो.

आधी ओळखायचं: शब्द कुणी दिला

ऑनलाइन खरेदीत तीन पक्ष असतात आणि आपण त्यांना एकच समजतो. वस्तू बनवणारी किंवा भारतात आणणारी कंपनी, वस्तू विकणारा व्यापारी आणि ज्या साइटवर ती दिसली ती साइट. शाहू मार्केट यार्डात गूळ घेतला तर पावती अडत्याची असते, बाजार समितीची नसते. साइटचंही बऱ्याचदा तसंच आहे. बिल डाउनलोड करून बघा. वर "Sold By" असं लिहून खाली एका फर्मचं नाव आणि पत्ता असतो. तुमचा व्यवहार त्या फर्मशी झालेला असतो. काकांच्या बिलावर बंगळुरूच्या एका फर्मचं नाव होतं, ते त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदा वाचलं.

आता वॉरंटी. वस्तूच्या पानावर खाली वॉरंटीची एक ओळ असते. तिथे "Manufacturer Warranty" किंवा "Brand Warranty" लिहिलं असेल तर शब्द कंपनीने दिलाय, आणि दुरुस्तीसाठी तिच्याच सर्व्हिस सेंटरला जायचं. "Seller Warranty" लिहिलं असेल तर कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे सर्व्हिस सेंटरला हेलपाटे घालणं फुकट, त्या फर्मलाच धरायचं. जुनं दुरुस्त करून विकलेलं, म्हणजे रिफर्बिश्ड सामान बहुतेक याच प्रकारात येतं. सेलमध्ये जादा पैसे देऊन घेतलेला वाढीव वॉरंटीचा प्लॅन हा आणखी वेगळा करार. तो बहुधा तिसऱ्याच कंपनीचा असतो आणि मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होतो.

ही ओळ ऑर्डर देतानाच स्क्रीनशॉट काढून ठेवा. पान नंतर बदलतं, कधी गायबच होतं, आणि मग काय कबूल केलं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही.

दिवस मोजायचे

वस्तू हातात आल्यावर पहिले काही दिवस परत करायचे किंवा बदलून घ्यायचे असतात. ही मुदत वस्तूगणिक वेगळी असते आणि ऑर्डरच्या पानावर तारखेसकट दिसते. त्या मुदतीत बिघाड दिसला तर सरळ साइटवरून विकणाऱ्याकडेच मागणी टाका. "आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा" असं कुणी सांगितलं तरी परतीची मागणी ऑनलाइन नोंदवल्याशिवाय घरातून निघू नका. सर्व्हिस सेंटरला चार दिवस गेले आणि तेवढ्यात मुदत सरली, असं मी बऱ्याच जणांचं झालेलं पाहिलंय. काही वस्तूंसाठी कंपनीचा माणूस तपासून जातो आणि वस्तू आल्या दिवसापासूनच बंद होती असा दाखला देतो, तो मिळाल्यावर साइट बदलून देते. अशा वेळी दाखला हातात घ्यायचा. निदान त्याचा नंबर तरी घ्या.

ही मुदत संपली म्हणून विकणारा पूर्ण मोकळा होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. बिलावर परतीची काहीच मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडतं.

माझा अनुभव सांगतो. सरळसाधा बिघाड असेल आणि वॉरंटी कंपनीची असेल, तर कंपनीकडेच जा, काम लवकर होतं. विकणाऱ्याला धरायचं ते कंपनी ज्या कारणाने नाही म्हणते ते कारण विकणाऱ्याच्या बाजूचं असेल तेव्हा. माल भारतासाठीचा नव्हता, सिरीयल नंबर जुळत नाही, बिल अपुरं आहे, आधी वापरलेला निघाला, अशी ती कारणं. काकांना नेमकं हेच समजून घ्यायचं होतं.

चौदा जून ही तारीख आली कुठून

लॅपटॉप १२ ऑक्टोबर २०२४ ला घेतला. वर्षाची वॉरंटी म्हणजे १२ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. मग कंपनीच्या कॉम्प्युटरवर १४ जून कशी दिसते?

कंपनी लॅपटॉप आधी वितरकाला देते, वितरक व्यापाऱ्याला. आपण कधी विकत घेतला हे कंपनीला आपोआप कळत नाही. त्यामुळे काही कंपन्यांच्या नोंदीत माल कारखान्यातून किंवा गोदामातून निघाला त्या तारखेच्या हिशेबाने वॉरंटी सुरू झालेली असते. व्यापाऱ्याच्या गोदामात डबा चार महिने पडून राहिला, की आपले चार महिने गेले. हा दोष दुरुस्त होतो. बिल दाखवून "खरेदीच्या तारखेप्रमाणे वॉरंटी दुरुस्त करा" असं कंपनीला लेखी कळवायचं. काउंटरवरच्या पोराला हा अधिकार नसतो, त्याच्या स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच तो सांगतो. त्याच्याशी भांडून काही होत नाही.

म्हणून नवीन वस्तू आली की पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची शेवटची तारीख बघा. चुकीची असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या, त्या वेळी कुणी खळखळ करत नाही. सिरीयल नंबर लॅपटॉपच्या खालच्या बाजूला आणि डब्यावरच्या स्टिकरवर असतो. खालचा स्टिकर पुसला गेला असेल तर विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून हे टाका:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
```

मोबाइलचा आयएमईआय नंबर हवा असेल तर `*#06#` डायल केलं की दिसतो. तीन ठिकाणचे नंबर, म्हणजे वस्तूच्या आतला, वस्तूवरचा आणि डब्यावरचा, एकच आहेत ना बघा. वेगळे निघाले तर डबा एकाचा आणि वस्तू दुसऱ्याची आहे. ते प्रकरण विकणाऱ्याचं, आणि परतीच्या मुदतीतच धसास लावायचं.

काकांनी डबा माळ्यावर ठेवला होता, हे नशीब. मी त्यांना तो घरी जाऊन आणायला लावला.

काकांनी काय केलं

त्या संध्याकाळी दुकानातच आम्ही कंपनीला ईमेल लिहिला. सिरीयल नंबर, खरेदीची तारीख, बिघाड कधी दिसला, सर्व्हिस सेंटरने काय सांगितलं आणि आमची मागणी काय, एवढंच. सोबत बिल, लॅपटॉपच्या खालचा फोटो, डब्यावरच्या स्टिकरचा फोटो आणि रेघेचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. व्हिडिओ महत्त्वाचा, कारण अशी रेघ कधीकधी काउंटरवर दिसतच नाही आणि मग "बिघाड आढळला नाही" असा शेरा पडतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: बिलावर सिरीयल नंबर नाही, तो असलेलं बिल पाठवा.

हा अडथळा ऑनलाइन खरेदीत नेहमीचा. मोबाइलच्या बिलावर आयएमईआय बहुधा छापलेला असतो, पण लॅपटॉप, मॉनिटर, स्पीकर यांच्या बिलावर नुसतं मॉडेलचं वर्णन आणि किंमत असते. अमुक बिल तमुक लॅपटॉपचंच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि हा कागद फक्त विकणारा देऊ शकतो. म्हणजे दुरुस्ती कंपनीने करायची, पण तिला लागणारा पुरावा विकणाऱ्याने द्यायचा. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं की माणूस अडकतो तो इथेच. कुणाकडून नेमकं काय हवंय हे एकदा वेगळं केलं की गाठ सुटते.

ऑर्डरच्या पानावरून बंगळुरूच्या फर्मला मागणी टाकली: या ऑर्डरमध्ये या सिरीयल नंबरचा लॅपटॉप दिला, असं बिलावर किंवा लेटरहेडवर लिहून द्या. चार दिवस उत्तर नाही. मग साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटने असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि तक्रार आल्यापासून एका महिन्यात ती निकाली काढायची. साध्या कस्टमर केअरला बोलणं म्हणजे ही तक्रार नव्हे. साइटच्या तळाशी "Grievance Officer" असं लिहिलेलं असतं, तिथल्या पत्त्यावरच पाठवायचं आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. सहाव्या दिवशी फर्मचं शिक्का मारलेलं पत्र आलं, त्यावर सिरीयल नंबर. ते कंपनीला पाठवलं, वॉरंटी १२ ऑक्टोबर २०२५ पर्यंत अशी दुरुस्त झाली.

काउंटरवर

दुसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला काकांबरोबर मीही गेलो. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वस्तू देण्याआधी काउंटरवरच तिचे चारी बाजूंनी फोटो काढा. डेटा आधीच दुसरीकडे उतरवून घ्या, कारण दुरुस्तीत तो गेला तर बहुतेक कंपन्या जबाबदारी घेत नाहीत. मग ते वस्तू जमा करून घेतल्याचा कागद, म्हणजे जॉब शीट देतात. सही करण्याआधी त्यावरचा वस्तूच्या अवस्थेचा रकाना वाचा. काकांच्या शीटवर पोराने सवयीने "scratches, dent, liquid NA" असं टाइप केलं होतं. ओरखडे होते, पण पोचा कुठेच नव्हता. मी म्हटलं, "दादा, डेंट कुठे आहे तो दाखव." त्याने बघितलं आणि खोडलं. पुढे कुणी "पडल्यामुळे पॅनेल गेलं" म्हटलं असतं तर त्या एका शब्दावर काकांची सही असती. पडणं, पाणी जाणं, चुकीच्या व्होल्टेजने जळणं हे वॉरंटीत येत नाही. मोबाइलच्या आत पाणी ओळखणारी बारीक पट्टी असते, पांढरी असते ती ओल लागली की लाल होते. आपल्याकडच्या पावसात फोन खिशात भिजवून मग वॉरंटीला नेला तर ती पट्टी सगळं सांगते. अशा वेळी भांडण्यात दम नाही.

बिघाडाच्या रकान्यात आपल्या शब्दांतला बिघाड लिहून घ्या: "झाकण हलवल्यावर उभी हिरवी रेघ". नुसतं "डिस्प्ले प्रॉब्लेम" नको. तोच बिघाड पुन्हा आला तर दोन शीट शेजारी ठेवून दाखवता येतात. शीटवरची तारीखही बघा. वॉरंटी संपायच्या आत तक्रार नोंदली गेली असेल तर नंतर दुरुस्तीला कितीही दिवस लागोत, कंपनीला मुदत संपली असं म्हणता येत नाही.

आणि नकार मिळाला तर तो लेखी मागा. "तोंडी सांगितलं की" याला कुठे किंमत नाही. जॉब शीटवर शेरा किंवा ईमेल, काहीही चालेल, पण कारण लिहिलेलं पाहिजे. प्रकरण आता कुणाचं आहे ते त्या कारणावरून ठरतं.

नकाराचं कारण विकणाऱ्याकडे बोट दाखवत असेल तर

उचगावच्या एका मुलाचं उदाहरण. व्हिडिओ एडिटिंगसाठी त्याने डेटा साठवायची एसएसडी घेतली, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त. पानावर वर्षाची कंपनीची वॉरंटी लिहिलेली. तीन महिन्यांत ती कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली. कंपनीचं उत्तर: हा सिरीयल नंबर भारतात विकण्यासाठीचा नाही, इथे वॉरंटी लागू नाही.

डब्यावर बघितल्याबरोबर कळलं. बाहेरून आलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठीचा संपर्क छापलेला किंवा चिकटवलेला असावा लागतो. त्याच्या डब्यावर यातलं काही नव्हतं. माल कुणीतरी परस्पर आणलेला. अशा वेळी कंपनीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तिने हा शब्द इथे दिलेलाच नाही. दिला तो विकणाऱ्याने, पानावर लिहून. म्हणून कंपनीचा लेखी नकार आणि पानाचा स्क्रीनशॉट जोडून विकणाऱ्याकडे पैसे परत मागितले, "वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नाही" या कारणावर. मुलाने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता म्हणून हे जमलं. साइटच्या तक्रार अधिकाऱ्यामार्फत पाच आठवड्यांनी पैसे आले.

एवढ्यानेही नाही झालं तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा किंवा `consumerhelpline.gov.in` वर तक्रार टाका. मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोचवून उत्तर मागते. पण बऱ्याच कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला लवकर हलतात, म्हणून ही पायरी वगळू नका.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विकणारा बंगळुरूचा आणि कंपनी दिल्लीची म्हणून तिकडे जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आपल्याला कोल्हापुरात. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. `e-jagriti.gov.in` वरून ऑनलाइनही दाखल करता येते.

इथे एक काळजी घ्या. कंपनी, विकणारी फर्म आणि साइट, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं तर तो गैरहजर असलेल्यावर ढकलतो. तिघे समोर असले की कुणी काय भरायचं ते आयोग ठरवतो. बिघाड तपासल्याशिवाय ठरणारा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. तुमच्याकडे त्याच बिघाडाच्या दोन-तीन जॉब शीट असतील तर ही वेळ सहसा येत नाही.

आपल्याकडे दुकानदार मंडळी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळावं म्हणून जीएसटी नंबर टाकून बिल घेतात. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नसतो, आणि समोरची बाजू हा मुद्दा हमखास काढते. स्वतःचं पोट भरण्यासाठी स्वतः राबून करायच्या धंद्यासाठी घेतली असेल तर सूट आहे, पण ते दाखवून द्यावं लागतं. घरच्या वापराची वस्तू असेल तर तो नंबर टाकूच नका.

वस्तू परत घेताना

काकांचा लॅपटॉप अकरा दिवसांनी आला, पॅनेल नवीन, पैसे शून्य. पोरीने सबमिशन मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उरकलं होतं. घेताना काउंटरवरच चालू करून पांढरा आणि काळा पडदा लावून बघितला, झाकण चार-पाच वेळा उघडझाप केलं, कॅमेरा आणि वायफाय तपासलं. पॅनेल बदलताना यांच्या वायरी निघतात आणि कधी परत नीट बसत नाहीत. बदललेल्या भागाचं नाव जॉब शीटवर लिहून घेतलं.

मदरबोर्ड बदलला असेल तर आणखी एक बघायचं. नव्या बोर्डवर जुना सिरीयल नंबर पुन्हा टाकावा लागतो आणि कधी तो राहून जातो. वर दिलेली कमांड तिथेच काउंटरवर चालवा. नंबर रिकामा किंवा वेगळा दिसला तर लॅपटॉप ताब्यात घेऊ नका, त्यांना तो टाकायला लावा. नाहीतर पुढच्या वेळी कंपनीची नोंद आणि तुमचा लॅपटॉप जुळणार नाहीत.